म्हणीची जोडी लावताना चित्र नव्हे, रोख पाहा

‘चोराच्या उलट्या बोंबा’ या म्हणीसमोर इंग्रजी जोडी म्हणून ‘द पॉट कॉलिंग द केटल ब्लॅक’ लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. वरवर पाहता जोडी जुळते, कारण दोन्हीकडे दोषी माणूसच दुसऱ्यावर आरोप करतो. पण इंग्रजी म्हणीतलं पातेलं आणि किटली दोन्ही चुलीवर चढलेली, दोन्हींना काजळी लागलेली. किटली खरोखरच काळी आहे. पातेल्याचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. मराठी म्हणीत ज्याच्या नावाने बोंब ठोकली जाते त्याने चोरी केलेलीच नसते, बहुतेक वेळा त्याच्याच घरी चोरी झालेली असते. म्हणजे तिकडे दोघे दोषी, इकडे एक दोषी आणि एक निर्दोष. एखाद्या नेत्याने ‘विरोधकांच्या या चोराच्या उलट्या बोंबा आहेत’ असं म्हटलं आणि अनुवादकाने तिथे पातेलं-किटली बसवली, तर इंग्रजी वाचकाचा समज होईल की नेत्याने स्वतःचाही काळेपणा मान्य केला. नेत्याला तर नेमकं उलट सांगायचं होतं.

पातेल्या-किटलीची खरी मराठी जोडी वेगळीच आहे: ‘आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला’. हिंदीत तिच्या शेजारी ‘छलनी कहे सूई से, तेरे पेट में छेद’ ही म्हण बसते. इथेही एक बारीक फरक आहे. पातेलं आणि किटली सारखीच काळी असतात, पण सुईला एकच भोक आणि चाळणीला असंख्य. हिंदी म्हणीत आरोप करणारा समोरच्याहून कितीतरी पटीने वाईट आहे. मराठीत समोरच्याचा दोष काय होता हे सांगितलेलंच नाही, सगळं लक्ष हसणाऱ्याच्या नाकाकडे.

म्हणींच्या जोड्या जमवायला नव्याने बसणाऱ्या शिक्षकांनी, अनुवादकांनी, परदेशात मुलांना मराठी शिकवणाऱ्या पालकांनी हे काम कसं करावं ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट आहे. म्हणीत दोन थर असतात: एक चित्र आणि दुसरा रोख, म्हणजे ती कोणाला उद्देशून, काय ठरवून टाकण्यासाठी म्हटली जाते. चित्र पटकन दिसतं म्हणून आपण चित्रावरून जोडी लावतो. लावायला हवी ती रोखावरून.

पहिली पायरी: म्हण पूर्ण लिहा आणि वाक्यात ऐका

बऱ्याच म्हणी आपल्या तोंडी अर्ध्याच असतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ सगळ्यांना माहीत असते, पण तिचा पुढचा तुकडा, ‘रांधता येईना ओली लाकडे’, अनेकांनी ऐकलेला नसतो. जोडी लावताना हा तुकडा उपयोगी पडतो. इंग्रजीतली ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ ही म्हण हत्यारांना दोष देण्याबद्दल आहे, आणि अंगण हे काही हत्यार नव्हे, त्यामुळे जोडी थोडी लंगडी वाटते. ओली लाकडं मात्र कामाच्या साधनांतच येतात. पूर्ण म्हण समोर ठेवली की दोन्हींचा रोख एकच असल्याची खात्री पटते आणि ही जोडी निर्धास्त वापरता येते. हिंदीची ‘नाच न जाने आँगन टेढ़ा’ तर आपलीच सख्खी बहीण.

पूर्ण रूपासाठी जुने कोश पाहावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतो आणि त्यात शब्दांच्या नोंदींखाली म्हणीही दिल्या आहेत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश तर याच कामाचा. शोधताना एक अडचण हमखास येते, ती जुन्या लेखनाची. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नाचतां येईना’ असे अनुस्वार असतात, त्यामुळे आजच्या पद्धतीने टंकलेली म्हण सापडत नाही. अशा वेळी म्हणीतलं एखादं ठळक नाम, उदाहरणार्थ ‘अंगण’, घेऊन शोधावं.

कोश म्हणीचं रूप देतो. तिचा आजचा वापर मात्र वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि घरातल्या बोलण्यातच सापडतो. म्हणून म्हणीखाली तीन खरी वाक्यं लिहून ठेवा, तीही वेगवेगळ्या तोंडची: एक बातमीतलं, एक घरातलं आणि एक असं की ज्यात बोलणारा स्वतःबद्दल बोलतो आहे. तिसरं वाक्य मिळालंच नाही तर तशी नोंद करा, कारण पुढच्या पायरीला त्या न मिळण्याचाच उपयोग होणार आहे.

दुसरी पायरी: रोख शोधा

यासाठी मी एक म्हण सविस्तर घेते, कारण हिच्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही वाटा कशा फुटतात ते स्वच्छ दिसतं. ती म्हण म्हणजे ‘पालथ्या घड्यावर पाणी’. हिंदीत ‘चिकने घड़े पर पानी’ आणि इंग्रजीत ‘वॉटर ऑफ अ डक्स बॅक’. तिन्हींत पाणी आहे, तिन्हींत ते ओघळून जातं. चित्रावरून पाहिलं तर यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही.

आता तीन प्रश्न विचारायचे. बोलणारा कोण आहे? कोणाबद्दल बोलतो आहे? आणि तोंडातून म्हण निघण्याआधी काय घडलेलं असतं?

मराठी वाक्य बहुधा असं असतं: “अहो, महिनाभर रोज समोर बसवून शिकवलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.” बोलणारा म्हणजे शिकवणारा, समजावणारा किंवा उपदेश करून थकलेला माणूस. आधी घडलंय ते त्याचे कष्ट. वाया गेलंय ते पाणी, म्हणजे त्याचेच श्रम. घड्यावर राग आहे, पण त्याहून जास्त खंत आपल्या फुकट गेलेल्या मेहनतीची आहे.

हिंदीत ‘चिकना घड़ा’ हे माणसाचं वर्णनच होऊन बसलं आहे. “वह तो चिकना घड़ा है, कुछ भी कह लो.” इथे आधी घडलेलं असतं ते रागावणं, खडसावणं, लाज काढणं. त्या माणसाला कशाचीच लाज उरलेली नाही, हा रोख. आपल्याकडे यासाठी कोडगा हा शब्द आहे. आपल्या म्हणीतला पालथा घडा मठ्ठ असेल, हट्टी असेल, लक्ष न देणारा असेल, तो निर्लज्ज असायलाच हवा असं नाही. एखाद्या साध्यासुध्या पोराला गणित डोक्यात शिरत नाही म्हणून आई ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणते. त्याच पोराला हिंदीत ‘चिकना घड़ा’ म्हटलं तर तो अन्याय होतो.

इंग्रजीत वाट आणखी लांब जाते. बदकाची पिसं तेलकट असतात, त्यांना पाणी लागत नाही, आणि बदकाचं त्यात काही वाईटही होत नाही. ही म्हण बोलणाऱ्याच्या कष्टांबद्दल नाहीच. टीका, टोमणे, अपमान एखाद्याच्या अंगाला लागत नाहीत, एवढंच ती सांगते. कधी त्यात तक्रार असते, पण पुष्कळदा कौतुकही असतं. मुख्य म्हणजे इंग्रजी बोलणारा हे स्वतःबद्दल खुशाल म्हणतो: लोक काय वाटेल ते बोलोत, माझ्यासाठी ते बदकाच्या पाठीवरचं पाणी. मराठीत कोणीही सरळपणे ‘मी पालथा घडा आहे’ म्हणणार नाही.

स्वतःबद्दल म्हणता येते का, ही रोख ओळखण्याची सगळ्यात सोपी कसोटी. दोन म्हणींपैकी एक स्वतःला लावता येते आणि दुसरी येत नाही, असं दिसलं की समजावं, अर्थ कुठेतरी सरकला आहे. पहिल्या पायरीतलं तिसरं वाक्य यासाठीच हवं होतं.

मग ‘पालथ्या घड्यावर पाणी’ला इंग्रजीत काय लिहावं? ‘इन वन इअर अँड आउट द अदर’ जास्त जवळचं आहे, कारण त्यात सांगणारा आणि न ऐकणारा दोघेही आहेत. तरी एक फरक राहतोच. या कानाने आत गेलेलं त्या कानाने बाहेर पडलं, म्हणजे निदान आत तरी गेलं. पालथ्या घड्यात थेंबही जात नाही.

इथे एक काळजी घ्यायला हवी. एकदा चित्रं उलगडायची गोडी लागली की माणूस म्हणीत नसलेलंही वाचायला लागतो. ‘घडा पालथा आहे, म्हणजे तो सुलटा करता येईल, म्हणून मराठी म्हण आशावादी आहे’ असला निष्कर्ष ऐकायला छान वाटतो, पण लोकांच्या वापरात त्याला काही आधार नाही. तुम्ही जमवलेल्या वाक्यांपैकी एकातही जो अर्थ दिसत नाही, तो नोंदीत घ्यायचा नाही.

तिसरी पायरी: आधी हिंदी, मग इंग्रजी

हिंदी जोडी आधी शोधावी, कारण शेती, स्वयंपाक, नातीगोती आणि भांडीकुंडी दोन्हीकडे सारखी असल्याने पुष्कळ म्हणी जवळपास शब्दशः जुळतात. पण तिथेच धोकाही आहे. आपण हिंदी इतकी ऐकतो की मराठी म्हण पुरती न पाहताच ओळखीची हिंदी म्हण तिच्या शेजारी नेऊन बसवतो.

‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ पाहा. हिला सर्रास ‘जिसकी लाठी उसकी भैंस’ जोडली जाते. दोन्हींची घडण सारखी, ज्याच्याकडे अमुक त्याचं तमुक. पण लाठी हे बळ आहे आणि ससा हे फळ आहे. हिंदी म्हणीत ज्याच्याकडे जोर आहे तो म्हैस घेऊन जातो, म्हणजे जोर आधी आणि मालकी नंतर. मराठी म्हणीत मालकीचा प्रश्नच नाही, प्रश्न नावाचा आहे. रानात कुत्री कोणी सोडली, जाळं कोणी लावलं, सशामागे कोण धावलं, हे कोणी विचारत नाही. शेवटी ज्याच्या हातात ससा दिसतो त्यालाच लोक पारधी म्हणतात. वर्षभर फायली एकाने हलवल्या आणि उद्घाटनाची फीत दुसऱ्याने कापली की आपण ही म्हण म्हणतो. फीत कापणाऱ्याने लाठी उगारलेली नसते. तो योग्य वेळी योग्य जागी उभा होता, एवढंच.

‘जिसकी लाठी उसकी भैंस’ची मराठी जोडी ‘बळी तो कान पिळी’. इथे रोख जुळतो, दोन्हीकडे बलवानाची मनमानी आहे. थोडा फरक आहे तो असा, की हिंदीत तो वस्तू बळकावतो आणि मराठीत तो माणसाला छळतो. जमिनीच्या वादात हिंदी म्हण जास्त चपखल बसते, कचेरीतल्या वरिष्ठाच्या दंडेलीला मराठी. इंग्रजी ‘माइट इज राइट’ या दोघींच्या जवळची, पण तिच्यात ‘राइट’ आहे, म्हणजे बळ हेच न्याय्य असा दावा आहे. तो दावा कोणी खरोखर तत्त्व म्हणूनही मांडू शकतो. आपल्या दोन्ही म्हणी सोसणाऱ्याच्या किंवा बघणाऱ्याच्या तोंडच्या आहेत. कान पिळणारा स्वतः कधी ‘बळी तो कान पिळी’ म्हणत नाही. पुन्हा तीच कसोटी.

आणि ‘ज्याच्या हाती ससा’ला इंग्रजी काय? ‘पझेशन इज नाइन पॉइंट्स ऑफ द लॉ’ सुचवली जाते. तिचा रोख कब्जावर आहे: वस्तू ज्याच्या ताब्यात, हक्काच्या वादात त्याची बाजू वरचढ. घरमालक-भाडेकरूच्या वादात ती चालेल, उद्घाटनाच्या फितीला मुळीच चालणार नाही. ‘नथिंग सक्सीड्स लाइक सक्सेस’ही लोक सुचवतात. ती यशाचा मान सांगते खरी, पण एका यशातून पुढचं यश येतं यावर तिचा भर आहे. मला यातली एकही पुरेशी वाटत नाही. नोंदीत दोन्ही लिहून, कोणती कुठे चालते ते सांगावं.

चौथी पायरी: जागा बदलून पाहा

जोडी सापडली असं वाटलं की ती लगेच पक्की करायची नाही. आधी जमवलेल्या तीन मराठी वाक्यांत दुसरी म्हण बसवून पाहायची आणि मग उलट, इंग्रजी म्हणीच्या नेहमीच्या वाक्यात मराठी म्हण ठेवून पाहायची. दोन्ही बाजूंनी करणं गरजेचं आहे. एकाच बाजूने केलं की जोडी जुळल्याचा भास होतो.

‘दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात’ ही म्हण घेऊ. हिंदीत ‘दूध का जला छाछ भी फूँक-फूँककर पीता है’, अक्षरशः तीच. इंग्रजीत बहुतेक जण ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’ लिहितात.

आता एक प्रसंग समजा. एका गृहस्थाचे पैसे गल्लीतल्या भिशीत बुडाले. भिशी चालवणारा पळून गेला. पुढे दुसऱ्या कोणी नवी भिशी सुरू केली तेव्हा हे गृहस्थ तिच्यात पडले नाहीत. इंग्रजीत इथे ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’ अगदी बरोबर बसते. मराठी म्हण? बसत नाही, निदान नीट बसत नाही. कारण नवी भिशीही दूधच आहे, तिथे पोळायची भीती खरी आहे. आता तेच गृहस्थ राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव ठेवायला गेले आणि पावतीवरचा शिक्का दोनदा तपासून, वर व्यवस्थापकाला भेटून “पैसे नक्की परत मिळतील ना?” असं विचारून आले. इथे मराठी म्हण चपखल. बँक हे ताक आहे. ताक थंडच असतं, फुंकायची काही गरज नसते, तरी माणूस फुंकतो. इंग्रजी म्हण इथे अगदीच चुकीची ठरणार नाही, पण त्या भीतीत असलेला भाबडेपणा तिच्यातून निसटतो.

मराठी म्हणीतलं सगळं मर्म त्या ताकात आहे. अनुभवाने आलेली सावधगिरी जागा चुकून भलत्याच ठिकाणी लागू होते, आणि म्हणणारा त्या माणसाकडे थोड्या कणवेने, थोड्या हसऱ्या नजरेने पाहतो. शिवाय हा माणूस ताक पितो. तो मागे सरत नाही, फक्त फुंकतो. इंग्रजीतल्या ‘शाय’मध्ये बिचकून लांब राहणं आहे. ‘अ बर्न्ट चाइल्ड ड्रेड्स द फायर’ ही दुसरी इंग्रजी म्हण तर आणखी लांबची, कारण विस्तव खरोखरच भाजतो आणि त्याला भिणारं मूल शहाणंच आहे.

इंग्रजीत खरी जवळची म्हण आहे ती कमी ऐकू येणारी: ‘अ स्कॉल्डेड कॅट फिअर्स कोल्ड वॉटर’. कढत पाण्याने पोळलेलं मांजर गार पाण्यालाही भितं. इथे ताक आहे, फक्त ते पाण्याच्या रूपात आहे. उरतो तो फरक पिण्याचा, कारण मांजर पाण्याला भिऊन पळेल आणि आपला माणूस फुंकून का होईना, पेला रिकामा करील. अनुवादात हीच म्हण वापरावी असं मी म्हणेन. वाचकाला ती आधी माहीत नसली तरी ऐकताक्षणी कळते, आणि रोख शाबूत राहतो.

याच घोळात ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हणही ओढली जाते. ती पूर्ण वेगळी. तिच्यात शहाणा झालेल्याला स्वतःला काही लागलेलंच नाही, त्याने दुसऱ्याची ठेच पाहिली. स्वतः पोळलेल्याची म्हण तिच्यासमोर ठेवली की वाक्याचा कर्ताच बदलतो.

जागा बदलून पाहण्याने आणखी एक नेहमीची जोडी तपासता येते. ‘दुरून डोंगर साजरे’समोर ‘द ग्रास इज ऑलवेज ग्रीनर ऑन द अदर साइड’ लिहितात. इंग्रजी म्हणीत कुंपणाच्या या बाजूला उभा असलेला माणूस असतो आणि तो आपल्या गवताची तुलना शेजारच्याशी करतो. असमाधान हा तिचा गाभा. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणायला तुलना लागत नाही. एखाद्या मोठ्या माणसाच्या घरी काम करायला गेल्यावर त्याचा खरा स्वभाव कळला, तर आपण ही म्हण म्हणतो. तिथे कोणी आपलं घर त्याच्या घराशी ताडून पाहिलेलं नसतं. तिथे ‘ग्रास इज ग्रीनर’ ठेवून पाहा, वाक्य मोडतं. हिंदी ‘दूर के ढोल सुहावने’ मात्र पूर्ण जुळते. आणि इंग्रजीत थॉमस कॅम्पबेल या कवीची १७९९ मधली एक ओळ म्हणीसारखी रुळली आहे, ‘डिस्टन्स लेंड्स एन्चांटमेंट टू द व्ह्यू’. योगायोग असा की कॅम्पबेलही त्याच वाक्यात पुढे दुरून निळ्या दिसणाऱ्या डोंगराबद्दलच बोलतो. फक्त त्याला दुरून दिसणारी मोहिनी हवीशी आहे, आपल्या म्हणीत जवळ गेल्यावरचे दगडधोंडे गृहीत आहेत.

पाचवी पायरी: फरक नोंदवा

नोंद छोटी असावी, पण ‘समानार्थी’ एवढ्यावर थांबू नये. चित्र जुळतं का, रोख जुळतो का, स्वर जुळतो का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिघांचं उत्तर वेगळं असू शकतं. ‘बुडत्याला काडीचा आधार’ हे याचं सगळ्यात फसवं उदाहरण, कारण इंग्रजीतही नेमकं तेच चित्र आहे: बुडणारा माणूस आणि गवताची काडी. ‘अ ड्राउनिंग मॅन विल क्लच ॲट अ स्ट्रॉ.’

तरीही म्हणी दोन बाजूंनी पाहतात. इंग्रजी म्हण बुडणाऱ्याच्या हाताकडे पाहते. तो काय वाटेल ते धरतो, आणि काडीने काय होणार? आज इंग्रजीत ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’ म्हणजे हरलेल्या माणसाची निरर्थक धडपड, वकिलाचा शेवटचा लंगडा युक्तिवाद. मराठी म्हण काडीकडे पाहते. तिच्यात ‘आधार’ हा शब्द आहे. काडी लहान असली तरी ती आधार झाली. म्हणून आपण ती कृतज्ञतेनेही म्हणतो: “तुम्ही त्या वेळी पाच हजार दिलेत, बुडत्याला काडीचा आधार झाला.” हेच इंग्रजी म्हण वापरून सांगितलं तर मदत करणाऱ्याला वाटेल, माझ्या पैशांचा काही उपयोग झाला नाही असं हा सुचवतो आहे. उलट बाजूनेही तसंच. ‘बचाव पक्ष क्लचिंग ॲट स्ट्रॉज’ या वाक्यातला उपहास मराठी म्हण ठेवली की कणवेत बदलतो.

मी नोंद अशी करते:

म्हण: बुडत्याला काडीचा आधार.
हिंदी: डूबते को तिनके का सहारा. चित्र, रोख, स्वर तिन्ही जुळतात.
इंग्रजी: अ ड्राउनिंग मॅन विल क्लच ॲट अ स्ट्रॉ. चित्र जुळतं, स्वर जुळत नाही.
फरक: मराठीत लहानशा मदतीचं मोल, इंग्रजीत अगतिकाची फुकट धडपड.
वापर: अगतिकता सांगायची असेल तर इंग्रजी म्हण चालेल. आभार मानायचे असतील तर चालणार नाही, साधं वाक्य लिहावं.

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. अनुवादकाला किंवा शिकणाऱ्या मुलाला शेवटी हेच हवं असतं, की कुठे वापरू आणि कुठे नको.

जोडी मिळत नसेल तेव्हा

काही म्हणींना एका भाषेत चांगली जोडी असते आणि दुसऱ्या भाषेत नसते. ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ला हिंदीत ‘हलवाई की दुकान, दादाजी का फ़ातिहा’ आहे. दोन्हीकडे मिठाई हलवायाची आणि पुण्य दुसऱ्याचं. दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात, तर फातिहा पूर्वजांच्या नावाने मिठाईवर पढतात. विधी दोन धर्मांतले, रोख तंतोतंत एक. आपलीच ‘आयजीच्या जीवावर बायजी उदार’ही याच कुळातली. इंग्रजीत मात्र लोक ‘रॉबिंग पीटर टू पे पॉल’कडे जातात आणि फसतात. पीटरला लुबाडून पॉलचं देणं फेडणारा माणूस उदारपणाचा आव आणत नाही. तो एक खड्डा बुजवायला दुसरा खणतो. बायजी मोठेपणा मिरवते, हा तिच्या म्हणीचा प्राण आहे. इथे ‘दुसऱ्याच्या पैशावर उदार होणं’ याचंच सरळ इंग्रजी वाक्य करावं, म्हण शोधत बसू नये.

‘नावडतीचे मीठ अळणी’ची स्थिती याच्या उलट. हिला हिंदीत सगळ्यांच्या तोंडी असलेली जोडी मला लावता येत नाही, पण इंग्रजीत ‘फॉल्ट्स आर थिक व्हेअर लव्ह इज थिन’ अर्थाने फार जवळ येते. प्रेम पातळ तिथे दोष दाट. फरक इतकाच, की इंग्रजी म्हणीतले दोष थोडेफार खरे असू शकतात, प्रेम आटल्यामुळे ते जास्त दिसू लागतात. मराठीत दोष मुळातच नाही. मिठालाही अळणी ठरवण्यापर्यंत नावड गेली आहे. दोन बायकांचं घर, एक आवडती आणि एक नावडती, हे जुनं चित्रही इंग्रजीत येत नाही. कचेरीत एकाच्याच अहवालात रोज चुका निघतात आणि तसाच अहवाल दुसऱ्याने दिला की वाहवा होते, अशा ठिकाणी ही मराठी म्हण आजही वापरली जाते. तिथे इंग्रजी म्हण चालते, आवडता दुसरा कोणीतरी आहे हे मात्र वाक्यात वेगळं सांगावं लागतं. नोंदीत हिंदीची जागा मी कोरीच ठेवते. केवळ रकाना भरायचा म्हणून ओढूनताणून आणलेली जोडी पुढे दुसरा कोणी खरी समजून उचलतो.